ऐकून जडलेलं प्रेम: पहाडी चित्रांतल्या दोन वैदर्भी

समुद्रपूरहून वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, म्हणजे कथांमधलं कुंडिनपूर, शंभरेक किलोमीटरवर आहे. हिमाचलातलं कांगडा मात्र सरळ रेषेत मोजलं तरी तेराशेच्या घरात जातं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथल्या एखाद्या चितेऱ्याने विदर्भात पाऊल टाकलं असेल, असं मानायला काहीच आधार नाही. तरीही साधारण १७९० ते १८०० या काळात कांगडा-गुलेरच्या चितेऱ्यांनी आपलं कुंडिनपूर कागदावर उभं केलं. एखाद्या चित्रात नव्हे, मोठ्या मालिकेत केलं: महाल, गच्च्या, बागा, दासी, राजा भीम आणि त्याची मुलगी दमयंती.

या कुंडिनपुरात काळी जमीन नाही, पऱ्हाटी नाही, फाल्गुनातला पळस नाही आणि आपलं मे महिन्याचं ऊन तर मुळीच नाही. आहेत त्या चुन्यासारख्या पांढऱ्या भिंती, मऊ हिरव्या उतरत्या टेकड्या आणि वर राखी-निळ्या आभाळाची अरुंद पट्टी. चितेऱ्याने विदर्भ पाहिलाच नव्हता, त्याने तो ऐकला होता. आणि गंमत अशी, की ज्या दोन वैदर्भी मुली पहाडी चित्रकारांनी मन लावून रंगवल्या, त्या दोघीही न पाहिलेल्या पुरुषाच्या प्रेमात पडल्या होत्या, त्याही ऐकूनच. दमयंतीने नळाविषयी ऐकलं, रुक्मिणीने कृष्णाविषयी.

प्रेम कसं सुरू होतं याचे प्रकार आपल्या काव्यशास्त्राने सांगितलेले आहेत. प्रत्यक्ष पाहून, चित्र पाहून, स्वप्नात पाहून आणि केवळ गुण ऐकून. भेटीआधीच्या या ओढीला पूर्वराग म्हणतात. दुसरीकडे नवविधा भक्तीतली पहिली भक्ती कोणती, तर श्रवण. म्हणजे शृंगार आणि भक्ती या दोन वाटा जिथून फुटतात ते ठिकाण एकच, कान. पहाडी चित्रकाराला प्रेमाची आणि भक्तीची वेगवेगळी चित्रभाषा का लागली नाही, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. पण त्याच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. पाहणं रंगवता येतं, मिठी रंगवता येते. ऐकणं कसं रंगवायचं?

आधी चितेऱ्यांविषयी थोडं. ‘पहाडी’ म्हणजे आजच्या हिमाचल आणि जम्मूच्या डोंगराळ भागातली जुनी छोटी राज्यं: बसोहली, गुलेर, कांगडा, चंबा, मंडी वगैरे. पूर्वी अभ्यासक चित्राच्या शैलीला राज्याचं नाव देऊन मोकळे होत. बी. एन. गोस्वामी यांनी १९६८ साली मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात लेख लिहून दाखवलं, की शैली राज्याची नव्हती, घराण्याची होती. पुरावा त्यांनी कुठून काढला? हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या पंड्यांच्या वह्यांतून. त्र्यंबकेश्वरला आपल्या घराण्याच्या नोंदी पाहिलेल्यांना त्या वह्या काय असतात ते सांगायला नको. हरिद्वारच्या वहीत १७६३ साली नैनसुख नावाच्या चितेऱ्याने स्वतःच्या हाताने नोंद केली आहे, आणि नुसती नोंद करून न थांबता चित्रही काढलं आहे. हा नैनसुख गुलेरच्या पंडित सेऊचा मुलगा, मनकू त्याचा थोरला भाऊ. या दोघा भावांच्या मुला-नातवांच्या पिढ्यांनी नंतर जे काम केलं, त्यालाच आपण ढोबळपणे कांगडा शैली म्हणतो. नळ-दमयंतीची मालिका याच घराण्याच्या हातची मानली जाते. तिच्यातली ४७ रंगवून पूर्ण झालेली चित्रं जम्मूच्या अमर महाल संग्रहालयात, डॉ. करण सिंह यांच्या संग्रहात आहेत. याच कथेची रेखाटनं बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात गेली, त्यांवर १९५९ साली स्वतंत्र पुस्तक निघालं.

चित्रकारांपुढे कथा होती ती महाभारतातली नव्हे, श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’तली. बाराव्या शतकातलं हे २२ सर्गांचं महाकाव्य लग्नानंतरच्या सुखापाशीच थांबतं. द्यूत, वनवास, अर्धं वस्त्र फाडून नेणं यांतलं काही त्यात नाही. संस्कृतात सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या काव्यांत त्याची गणना होते, कारण पानापानावर श्लेष. विरहाने तापलेल्या दमयंतीपाशी राजा भीम वैद्य आणि मंत्री दोघांना घेऊन येतो, तेव्हा दोघे एकाच वाक्यात बोलतात: ‘नलदा’वाचून हा ताप जाणार नाही. वैद्याच्या मनात वाळा आहे, मंत्र्याच्या मनात नळाला आणून देणारा. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारणाऱ्या विदर्भाला हा विनोद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण श्लेष रंगवता येत नाही. चितेऱ्याने श्रीहर्षाची शब्दांची आतषबाजी सगळी बाजूला ठेवली आणि तिच्या जागी भिंत, झाड, हात आणि रंग आणले. ते कसं वाचायचं, हेच पाहायचं आहे.

पहिली गोष्ट: चेहऱ्यात भाव शोधू नका. कांगड्याचा स्त्रीचेहरा एक ठरलेला साचा आहे. बाजूने दिसणारा, कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत जवळजवळ सरळ रेघ, लांब डोळा, लहान हनुवटी. दमयंतीला हा चेहरा आहे, तिच्या सख्यांना हाच आहे, राधेलाही हाच आहे. ती रडत असो वा हसत, चेहरा फारसा हलत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कोरडं वाटतं आणि तो ‘सुंदर आहे’ म्हणून पुढच्या चौकटीकडे सरकतो. चेहरा शांत ठेवलाय तो मुद्दाम. भावना तिथून काढून चित्रभर पसरवून ठेवली आहे.

हंसाचा प्रसंग घेऊ. नळाने तळ्याकाठी एक सोन्याचा हंस धरला आणि त्याची दया येऊन सोडून दिला. उपकार फेडायला तो हंस उडत कुंडिनपुरी आला आणि दमयंतीच्या बागेत उतरला. ती सख्यांसोबत होती. त्याला धरायला ती मागे लागली, तो हाती लागणार असं वाटावं इतकाच पुढे सरकत राहिला आणि तिला सख्यांपासून दूर घेऊन गेला. मग माणसासारखा बोलू लागला, नळाविषयी.

पहाडी चित्रकार अशा प्रसंगात एकाच चौकटीत दमयंती दोनदा, क्वचित तीनदा काढतो. डावीकडे ती सख्यांत आहे, मध्ये पक्ष्याकडे झेपावते आहे, उजवीकडे एकटी थांबली आहे. चित्रात तीन राजकन्या आहेत असं वाटलं तर कपडे पाहा: तोच घागरा, तीच ओढणी, म्हणजे तीच मुलगी, थोड्या वेळाने. या तीन दमयंतींमधलं अंतर म्हणजे गेलेला वेळ. आणि या मधल्या अंतरात काय ठेवलंय, तिथे खरं वाचन सुरू होतं. कधी एखादी भिंत असते, कधी झाडांचा पुंजका. त्याच्या अलीकडे मुलीचं जग, सख्या, खेळ. पलीकडे ती आणि एक बोलणारा पक्षी. ओलांडणं चेहऱ्यावर नाही, जागेत आहे.

आता ऐकण्याचा क्षण. धावणारी मुलगी थांबली आहे. मघाशी पक्षी धरायला पुढे आलेला हात आता काहीच करत नाही. तो हनुवटीशी किंवा ओढणीच्या काठाशी येऊन थबकलेला असतो. पहाडी चित्रांत हाताचं काम सुटणं ही मोठी खूण आहे. विडा देणारी, पंखा हलवणारी, वीणा धरलेली मुलगी काम करत असते तेव्हा ती इथे असते. हात रिकामा झाला, की ती इथे नाही. आणि बोलणारा कोण ते ओळखायला तळहात किंवा बोट किंचित वर उचललेलं शोधावं. माणूस असेल तर ते हमखास सापडतं. हंसाच्या बाबतीत चोच आणि मानेचा बाक तेच काम करतात.

याच मालिकेच्या कथेत चित्रकाराला याहून अवघड एक काम आहे. देवांनी नळाला आपला दूत म्हणून दमयंतीकडे पाठवलं आणि कुणाला दिसणार नाहीस असा वर दिला. नळ अंतःपुरात शिरतो. दासींचा त्याला धक्का लागतो, त्या चमकतात, समोर कुणीच दिसत नाही. आता अदृश्य माणूस रंगवायचा कसा? पुसट काढणं ही आपल्या सिनेमाची युक्ती झाली. पहाडी रीतीत नळ पुरेपूर, ठसठशीत रंगात काढला तरी चालतो, कारण तो अदृश्य असल्याचं काम नजरा करतात. त्याच्या आजूबाजूच्या बायकांची एकही नजर त्याच्यावर येऊन थांबत नाही. त्याच्या अंगावरून, त्याच्या पलीकडे, एकमेकींकडे त्या पाहत राहतात. आपण मात्र त्याला पाहतो. या चित्रांसमोर उभं राहिलात की एक करून पाहा: प्रत्येक पात्राच्या डोळ्यातून मनातल्या मनात एक रेघ पुढे ओढा आणि ती कुठे जाऊन टेकते ते बघा. जिच्या रेघा कुणावरच टेकत नाहीत ती विरहात आहे. दोघांच्या रेघा एकमेकींवर आल्या तर भेट झाली. आणि एकाची रेघ दुसऱ्यावर, दुसऱ्याची भलतीकडे, असं असेल तर तिथे रुसवा, लाज किंवा फसवणूक आहे. चेहरे सारखे ठेवण्याचा फायदा हाच, की एवढासा नजरेचा फरकही डोळ्यात भरतो.

दमयंतीच्या स्वयंवरात तर हा फायदा कथेतच उतरलेला आहे. इंद्र, अग्नी, यम आणि वरुण नळाचंच रूप घेऊन बसतात. पाच नळ. सगळे चेहरे एका साच्यातून काढणाऱ्या चितेऱ्याला पाच सारखे नळ काढणं म्हणजे रोजचंच काम. खरी अडचण पुढे आहे. महाभारतात खरा माणूस ओळखायच्या खुणा सांगितल्या आहेत: देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, त्यांच्या गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि त्यांची सावली पडत नाही. आता पहाडी चित्रकाराच्या बाजूने ही यादी पुन्हा वाचा. घाम एवढ्या लहान आकारात दिसणार नाही. पापणीची लवलव स्थिर चित्रात येत नाही. आणि सावली? पहाडी चित्रांत सावली कुणाचीच पडत नाही, देवांची नाही, माणसांची नाही, झाडांचीही नाही. दिवस असो, रात्र असो, प्रकाश सगळीकडून सारखा येतो. म्हणजे देवांनी चोरलेली खूण चित्रशैलीने आधीच सगळ्यांना देऊन टाकलेली. उरतात फुलं आणि पाय. म्हणून असं चित्र पुढ्यात आलं तर पाचही नळांचे चेहरे सोडा, खाली बघा.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर रंगाकडे वळू. पहाडी चित्रातली रात्र काळी नसते. आभाळ गडद राखी किंवा निळसर होतं, त्यात चंद्र, चांदण्या, कधी सोन्याच्या रेघेची वीज येते. खाली माणसं मात्र दुपारच्यासारखीच उजळ. चित्रकाराला प्रकाश दाखवायचा नाही, प्रहर सांगायचा आहे. त्यामुळे चित्र पाहताना ‘उजेड कुठून येतो’ हा पाश्चात्त्य चित्रांवर वाढलेला प्रश्न इथे काही कामाचा नाही.

रंगांचा शब्दकोश मात्र करू नका. लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे भक्ती, निळा म्हणजे देव, अशा तक्त्यांनी पहाडी चित्रं वाचता येत नाहीत. तक्ते करणारे जास्तीत जास्त पितांबरापर्यंत पोहोचतात. रंगाचा अर्थ शेजाऱ्यावरून ठरतो. हे समजून घ्यायला एकाच घराण्याचे दोन संच शेजारी ठेवावेत. मनकूने १७३० साली जयदेवाचं गीतगोविंद रंगवलं. त्यात मागची जमीन म्हणजे सपाट, एकसलग रंगाचा पडदा. त्याच्यावर राधा, सखी, कृष्ण, एखाददुसरं झाड. सगळं नाट्य पुढे, मागे जागाच नाही, त्यामुळे रंग थेट अंगावर येतो. साधारण १७७५ च्या सुमारास त्याच्या पुढच्या पिढीने तेच काव्य पुन्हा रंगवलं. आता यमुना वळण घेत मागून येते, काठावर झाडांचे गुच्छ, फुललेल्या वेली, लांबवर टेकडी. राधा-कृष्ण लहान झाले आणि रान मोठं झालं. तापलेला रंग जाऊन हिरव्याच्या कितीतरी छटा आल्या. पंचेचाळीस वर्षांत प्रेम रंगातून निघून परिसरात जाऊन बसलं. बसोहलीच्या त्याआधीच्या चित्रांत तर नायिकेच्या दागिन्यातला पाचू म्हणून हिरव्या झगझगीत भुंग्याच्या पंखाचा कापलेला तुकडा चिकटवलेला सापडतो. कांगड्याने असला झगमगाट सोडला.

कांगड्याच्या चित्रातला माझ्या मते सर्वांत बोलका रंग पांढरा आहे. दमयंतीच्या महालाच्या भिंती पांढऱ्या, गच्ची पांढरी. या पांढऱ्याच्या मोठ्या कोऱ्या जागेपुढे एकच लाल गोष्ट असते: लोडाचा अभ्रा, दारावर गुंडाळलेला पडदा, नाहीतर मंचकावरची चादर. हा लाल तुकडा कुठे ठेवलाय ते बघायचं. तो दमयंतीजवळ असेल तर ओढ तिच्याजवळ आहे. तो रिकाम्या मंचकावर असेल तर ती ज्याची वाट पाहते तो तिथे नाही. विरहाच्या चित्रात सख्या चंदन लावत आहेत, कमळाची पानं अंथरली आहेत, पंखे हलताहेत, आणि दमयंती ज्या चंद्राला दूषणं देते तो वर शांत आहे. तिथे पांढरी भिंत थंडावा देत नाही. उलट तिच्यापुढे दमयंतीचं आडवं पडलेलं अंग आणखी एकटं वाटतं.

पांढऱ्याला ही ताकद कामाच्या पद्धतीनेही दिली आहे. आधी हातकागदाचे थर चिकटवून जाड कागद करायचा. त्यावर गेरूच्या पातळ रंगाने आराखडा. मग अख्ख्या कागदावर पांढऱ्याचा पातळ हात, इतका पातळ की खालच्या गेरूच्या रेघा धूसर दिसत राहाव्यात. त्या दिसणाऱ्या रेघांवर नेमकी रेघ पुन्हा ओढायची, चुकलेली तिथेच बदलायची. मग रंग थराथराने: हिंगुळ, हरताळ, नीळ, काजळ, डिंकात कालवलेले. मधूनमधून कागद पालथा घालून अकीकच्या दगडाने पाठीकडून घोटायचा, म्हणजे रंग बसतो आणि झळाळी येते. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने शेवटी डोळे, केस, मोत्यांचे ठिपके. म्हणजे कुठल्याही रंगाखाली पांढरं आहेच. बॉस्टनची रेखाटनं अर्ध्यावरच्या टप्प्यांवर थांबलेली असल्यामुळे हे काम उघडं दिसतं: मूळ हात कुठे होता, चितेऱ्याने तो कुठे हलवला. एका इंचाच्या दहाव्या भागाने हात वर घेतला की ‘बोलते आहे’चं ‘थांब म्हणते आहे’ होतं, हे त्याला माहीत होतं.

झाडांकडेही तसंच नुसतं शोभा म्हणून पाहू नये. झाडाला बिलगलेली वेल जोडप्यामागे असेल तर ती त्यांचीच गोष्ट सांगते. एकट्या मुलीमागे असेल तर तिला टोचते. पक्ष्यांच्या जोड्यांचंही असंच. फुललेला आंबा ऋतू सांगतो आणि वसंतात एकटं असणं म्हणजे काय तेही. मात्र उंच सरूचं झाड दिसलं की त्यात खोल अर्थ शोधू नये. ते मुघल चित्रांच्या वळणातून आलंय आणि बऱ्याचदा उभी जागा भरायला आहे. सगळ्याला अर्थ असतोच असं नाही. चितेऱ्यालाही कोपरे भरावे लागत.

आता दुसरी वैदर्भी. रुक्मिणीची कथा मराठी माणसाला चित्रांची वाट न पाहता कळते. तेराव्या शतकात महानुभाव कवी नरेंद्राने तिचं स्वयंवर रचलं, सोळाव्यात एकनाथांनी. कौंडण्यपूरहून तिची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. पहाडात मात्र ती भागवताच्या दहाव्या स्कंधातून गेली आणि तिथल्या चितेऱ्यांनी रुक्मिणीहरण पुन्हा पुन्हा रंगवलं. कथा दमयंतीच्या कथेला किती समांतर आहे पाहा. हंसाच्या जागी ब्राह्मण, हंसाच्या बोलण्याच्या जागी पत्र. तीही ऐकून वरलेली. फरक एवढाच, की नळ माणूस आहे आणि देव त्याचे प्रतिस्पर्धी आहेत; रुक्मिणीने वरलेला स्वतः देव आहे.

हा फरक चित्रात कुठे दिसतो? आकारात नाही. पहाडी कृष्ण इतरांहून मोठा काढलेला नसतो, त्याच्या चेहऱ्याचा साचाही तोच तरुण राजपुत्राचा. सावळा-निळा रंग, पितांबर, मोरपिसाचा मुकुट, एवढ्यावर त्याची ओळख. बाकी तो एखाद्या पहाडी राजासारखा लोडाला टेकून बसतो आणि दूर विदर्भातून आलेल्या ब्राह्मणाचं ऐकतो. आणि इथे एक सुरेख उलटापालट होते: ऐकणारा आता देव आहे. भागवतात कृष्ण त्या ब्राह्मणाला आपल्या आसनावर बसवतो, त्याचे पाय दाबतो. चित्रात ब्राह्मणाचा हात वर उचललेला, कृष्णाची मान त्याच्याकडे कललेली. दमयंती हंसापुढे जशी थबकली होती, तीच खूण. भक्ताने देवाविषयी ऐकावं, हे आपल्याला ठाऊक. देव भक्ताविषयी ऐकतानाचं हे चित्र आहे, आणि त्यासाठी चितेऱ्याला नवं काही काढावं लागलं नाही.

मग अंबिकेचं देऊळ. गावाबाहेरच्या देवळात रुक्मिणी पायी जाते, मुकाट्याने, भोवती आया-बाया आणि शस्त्र घेतलेले पहारेकरी. देवीची पूजा करून ती बाहेर पडते आणि भागवत इथे एक बारीकशी हालचाल नोंदवतं: डाव्या हाताच्या नखांनी ती चेहऱ्यावरच्या बटा बाजूला सारते, जमलेल्या राजांकडे तिरपं पाहते, आणि त्यांच्यात तिला कृष्ण दिसतो. आजवर ऐकलेला माणूस पहिल्यांदा दिसतो. कानांपासून डोळ्यांपर्यंतचा सगळा प्रवास त्या डाव्या हाताच्या उचलण्यात आहे. पहाडी चित्रांत चेहऱ्याशी गेलेला हात, किंचित बाजूला सारलेला पदर, ही जी हालचाल शेकडो नायिका करतात, ती नुसती लाज नसते. पडदा राहतो की जातो, याचा तो क्षण असतो. राधेने पदर धरला तरी तेच, दमयंतीने धरला तरी तेच. भक्तीच्या चित्रासाठी म्हणून वेगळी पवित्र मुद्रा चितेऱ्याने शोधली नाही. माणसाच्या प्रेमासाठी जी होती तीच त्याने देवापुढे ठेवली, आणि बघणाऱ्यावर सोडून दिलं. काही अभ्यासक यालाच जीव-शिवाचं रूपक म्हणून एका वाक्यात मोकळे होतात. मला ती घाई वाटते. रूपकाआधी तिथे एक मुलगी आहे, तिचा हात आहे.

वाचन फसतं कुठे तेही सांगतो. सर्वांत सोपी चूक म्हणजे दिसेल त्या जोडप्याला राधा-कृष्ण म्हणणं. निळा रंग आणि मुकुट नसेल तर तो कृष्ण नव्हे. गोरा, फेटा बांधलेला, हंस किंवा चार देव अवतीभवती असलेला राजा बहुधा नळ असतो. दुसरी अडचण छापील प्रतींची आहे. कॅलेंडरवाले आणि भेटकार्डवाले रंग चढवतात. मग कांगड्याचा हिरवा पोपटी होतो, पांढरी भिंत पिवळट पडते आणि वर सांगितलेलं सगळं गणित बिघडतं. बाजारात ‘कांगडा’ म्हणून मिळणाऱ्या नव्या नकला ओळखायच्या तर कानशिलाजवळचे केस पाहावेत. जुन्या चांगल्या कामात कपाळाच्या कडेला केस एकेक सुटे ओढलेले असतात आणि काळा हळूहळू कातडीच्या रंगात विरतो. नकलेत तिथे एक ठोक काळी कड येते. मोती जुन्या कामात रंगाचे किंचित उठलेले थेंब असतात, नकलेत सपाट ठिपके. आणि बोटं. घाईत केलेल्या कामात बोटं एकमेकांना चिकटतात. बोटं चिकटली की हात बोलायचा थांबतो.

अस्सल पहाडी चित्रं पाहायला महाराष्ट्रात सर्वांत सोयीचं ठिकाण म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. कार्ल खंडालावाला हे मुंबईचे वकील आणि कलाअभ्यासक; त्यांनी १९५८ साली पहाडी चित्रांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यांचा आणि मेहेरबाई खंडालावाला यांचा संग्रहही याच संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर पाटी शेवटी वाचा. आधी हात, मग नजरा, मग लाल तुकडा कुठे आहे ते, आणि सर्वांत शेवटी चेहरा.

एक मागणी मात्र आपल्याच भागाकडे करावीशी वाटते. कौंडण्यपूरला दरवर्षी माणसं येतात, रुक्मिणीचं माहेर म्हणून डोकं टेकवतात आणि परत जातात. दमयंतीचंही माहेर हेच, हे त्यांतल्या बहुतेकांना तिथे कुणी सांगत नाही. जम्मू आणि बॉस्टनमधल्या चित्रांच्या रीतसर परवानगी घेऊन काढलेल्या चांगल्या, रंग न चढवलेल्या प्रती तिथे एका खोलीत लावायला फार खर्च येणार नाही. अमरावती-वर्ध्याच्या शाळांच्या सहली तिथे जातातच. मुलांनी तेराशे किलोमीटरवरच्या माणसांनी ऐकून काढलेलं आपलं कुंडिनपूर एकदा पाहावं.